तातडीचे काम आणि महत्त्वाचे काम : कार्यासनावरील एका दिवसाचा अभ्यास

शासकीय कार्यालयातील लिपिकाला सायंकाळी घरी जाताना दिवसभरात काय केले असे विचारले, तर तो सहसा कामे सांगत नाही. कोणी कोणी बोलावले, कोणाचे दूरध्वनी आले आणि कोणती माहिती किती वाजेपर्यंत पाठवावी लागली, हे सांगतो. दिवस कामात गेलेला असतो. परंतु सकाळी हातात घ्यावयाची म्हणून टेबलावर उजवीकडे काढून ठेवलेली नस्ती सायंकाळी त्याच जागी असते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उजवीकडेच राहते, आणि महिनाभराने तिच्यावर दुसरे कागद साचलेले असतात. या एका नस्तीचे काय होते व का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी तातडी आणि महत्त्व यांची चार घरांची चौकट वापरली आहे.

या चौकटीच्या उगमाविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांनी १९५४ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथे, जागतिक ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेपुढे भाषण करताना, आपल्यापुढील प्रश्न दोन प्रकारचे असतात, काही तातडीचे व काही महत्त्वाचे, आणि हे दोन प्रकार सहसा एकत्र येत नाहीत, अशा अर्थाचा विचार मांडला. हा विचार आपला नसून एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा आहे, असेही त्यांनी तेथेच सांगितले होते. त्या भाषणात चौकट नव्हती. चार घरांचा तक्ता घरोघरी पोहोचला तो स्टीफन कोवी यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे. तरीही चौकटीला आयसेनहॉवर यांचेच नाव चिकटून राहिले आहे.

चौकट अशी आहे. पहिल्या घरात तातडीची व महत्त्वाची कामे येतात. दुसऱ्यात महत्त्वाची, पण आज तातडी नसलेली. तिसऱ्यात तातडीची, पण फारसे महत्त्व नसलेली. चौथ्यात या दोहोंपैकी काहीच नसलेली. पुस्तकांतून पुढे असा सल्ला असतो की, पहिल्या घरातील कामे ताबडतोब करावीत, दुसऱ्यातील कामांना वेळ नेमून द्यावा, तिसऱ्यातील दुसऱ्याकडे सोपवावीत आणि चौथ्यातील टाकून द्यावीत. हा सल्ला खाजगी कंपनीतील व्यवस्थापकासाठी ठीक आहे. लिपिकाला काम सोपवावयास खाली कोणी नसते, आणि शासकीय कागद टाकून देण्याचा अधिकारही त्याला नसतो. म्हणून चौकट घ्यावयाची, पण तिच्यासोबत येणारे चार आदेश जसेच्या तसे घ्यावयाचे नाहीत, असा आमचा अभिप्राय आहे.

दोन प्रश्न

कोणते काम कोणत्या घरात टाकावयाचे, हे ठरविताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. कागदावर जो शेरा असेल, तोच कामाचा दर्जा असे ते समजतात. वस्तुतः पत्रावर लाल शाईने ‘तात्काळ’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते पाठविणाऱ्याची घाई सांगते. ते काम न झाल्यास कोणाचे काय बिघडेल, हे त्या शेऱ्यातून कळत नाही.

म्हणून प्रत्येक कागदाला दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. पहिला तातडीचा : कोणत्या तारखेनंतर हे काम करण्यात अर्थ राहणार नाही, आणि ती तारीख कोणी ठरविली? तारीख कायद्याने ठरविलेली असेल, तर ती हलत नाही. वरिष्ठ कार्यालयाने ठरविलेली असेल, तर ती विचारून क्वचित पुढे नेता येते. कित्येकदा तारीख कोणीच ठरविलेली नसते, केवळ बोलण्याच्या सुरातून ती आहेसे वाटते. दुसरा प्रश्न महत्त्वाचा : हे काम मुळीच झाले नाही तर नुकसान कोणाचे होईल, किती होईल, आणि ते मागाहून भरून काढता येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना नुकसान कार्यालयाचे की नागरिकाचे, असा भेद करू नये. कोणत्याही माणसाचे नुकसान ते नुकसानच होय.

तारखांबाबत आपल्या राज्यात कायद्याचाच आधार आहे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम १० नुसार, सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. अत्यंत निकडीची नस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि त्याखालोखालची चार दिवसांत निकाली निघावी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ‘तातडी नाही’ असे ज्या नस्तीविषयी आपण म्हणतो, तिलाही कामाच्या सात दिवसांची मर्यादा आहेच. दुसरे घर म्हणजे बेमुदत ठेवीचे घर नव्हे.

जून महिन्यातील एक मंगळवार

आता एक दिवस घेऊ. तालुका पातळीवरील एका शासकीय कार्यालयात आस्थापनेचे कार्यासन आहे. एक पद रिक्त असल्यामुळे माहितीच्या अधिकाराचे अर्ज व आवक टपालाचा काही भागही त्याच लिपिकाकडे आहे. हे उदाहरण नमुन्यादाखल जुळविलेले आहे. पण त्यातील एकही कागद असा नाही, की जो कोणत्याही तालुक्यात आढळणार नाही. तारीख १६ जून, वार मंगळवार. पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून सुरू झाल्यानंतर कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी आहे. जेवणाचा अर्धा तास वजा जाता आठ तास हाती राहतात. त्यांतील तीन तास दूरध्वनी, भेटीस येणारे लोक व साहेबांचे बोलावणे यांत जातील असे धरून चालावे. राहिले पाच तास.

टेबलावर सकाळी पुढील गोष्टी आहेत.

जिल्हा कार्यालयाचा व्हॉट्सॲप गटावरील निरोप : रिक्त पदांचा संवर्गनिहाय तक्ता आज दुपारी बारा वाजेपर्यंत पाठवावा, विलंब गांभीर्याने घेतला जाईल. असाच तक्ता मे महिन्यातही गेला आहे.

माहितीच्या अधिकाराखालील एक अर्ज, कार्यालयात २२ मे रोजी आलेला. त्यात पाच मुद्दे असून त्यांतील दोन बांधकाम खात्याच्या कार्यालयाशी संबंधित आहेत.

एका वरिष्ठ लिपिकांचे सेवापुस्तक. ते पुढील वर्षी ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणार आहेत.

प्रशिक्षणासाठी नावे मागविणारे पत्र. साहेबांच्या दौऱ्याच्या दैनंदिनीचे टंकलेखन. मागील वर्षीची एक नोंदवही नव्याने आखून स्वच्छ अक्षरात उतरवून काढण्याचे अर्धवट काम. दाराशी उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक वृद्ध बाई; तिचा मुलगा याच कार्यालयात शिपाई होता व चार महिन्यांपूर्वी वारला.

बहुतेक लिपिक यांतील पहिले काम प्रथम उचलतील, आणि ते स्वाभाविकही आहे. मुदत जवळ दिसली की कमी मोलाचे कामही माणूस आधी हाती घेतो, असे २०१८ मध्ये ग्राहकवर्तनावरील एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. दुसऱ्या कामाचा मोबदला अधिक आहे हे ठाऊक असतानाही लोकांनी मुदतीचे काम निवडले. आपल्याकडे त्यात वरिष्ठांच्या नाराजीची भर पडते.

तक्ता, आणि तिसऱ्या घराचा उपाय

रिक्त पदांचा तक्ता दोन प्रश्नांना लावून पाहावा. तारीख आजची बारा वाजेपर्यंतची, ठरविणारे वरिष्ठ कार्यालय. तातडी खरीच आहे. तो न गेल्यास कोणाचे नुकसान? मे महिन्यापासून एकच पद कमी-अधिक झाले आहे, आणि जिल्ह्यापाशी मागचा तक्ता आहेच. म्हणजे काम तिसऱ्या घरातले. परंतु ते न करण्याची मुभा लिपिकाला नाही, आणि असूही नये.

तिसऱ्या घरातील काम लिपिकाने कोणाकडे सोपवावयाचे? उत्तर असे की, ते त्याने आपल्याच मागील महिन्यातील श्रमांकडे सोपवावयाचे. आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत पूर्वीपासून आहे : निर्णयासाठी हाती असलेली प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद. यांतील नियतकालिकांच्या गठ्ठ्यात मे महिन्याचा तक्ता, त्याचा संगणकातील नमुना व पदांची चालू नोंद एकत्र ठेवली असेल, तर जूनचा तक्ता वीस मिनिटांत होतो. नसेल, तर मंजूर पदांचा आदेश शोधण्यापासून आरंभ करावा लागतो आणि दोन तास जातात. काम तेच, घराचे भाडे मात्र सहापट.

व्हॉट्सॲप गटाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. गटावर आलेला निरोप आवक नोंदवहीत चढत नाही, म्हणून त्याची गणना कोठेच होत नाही, आणि दिवसाचा मोठा भाग मात्र तोच खातो. अशा निरोपांची तारीख, वेळ व लागलेली मिनिटे एका साध्या वहीत पंधरा दिवस टिपून पाहावीत. ही वही साहेबांपुढे ठेवली असता, बोलण्याने जे पटत नाही ते आकड्यांनी पटते, असा अनुभव आहे.

तीस दिवसांच्या आत दडलेले पाच दिवस

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्या घरात आहे याविषयी दुमत होणार नाही. २२ मे पासून तीस दिवस मोजले असता २१ जून ही तारीख येते. त्या दिवशी रविवार आहे, आदल्या दिवशी शनिवार. म्हणजे प्रत्यक्षात शुक्रवार १९ जूनपर्यंत उत्तर निघाले पाहिजे. आजचा धरून चार दिवस उरले. मुदत चुकल्यास जन माहिती अधिकाऱ्यावर दर दिवशी २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड अधिकाऱ्याला होतो, पण अर्जदाराची जी माहिती अडली ती त्याच्या घराच्या किंवा शेताच्या वादातील असू शकते, हेही विसरू नये.

परंतु या अर्जातील खरी चूक आज होत नाही. ती आधीच होऊन गेली आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असेल, तर कायद्याच्या कलम ६ च्या पोटकलम ३ नुसार तो भाग शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत पाच दिवसांच्या आत, त्या कार्यालयाकडे वर्ग करावयाचा असतो. बांधकाम खात्याचे दोन मुद्दे २७ मे पर्यंत जावयास हवे होते. ते गेले नाहीत, कारण अर्जावर तीस दिवसांची मुदत दिसत होती आणि तीस दिवस भरपूर वाटतात. अर्ज हाती आला त्या दिवशी तो सर्वच्या सर्व वाचला असता, तर पुढे पाठविण्याचे पत्र दहा मिनिटांत झाले असते.

म्हणजे एकाच कागदात दोन कामे असू शकतात, आणि ती दोन निरनिराळ्या घरांत जातात. उत्तर तयार करणे हे २२ मे रोजी दुसऱ्या घरातले काम होते; दोन मुद्दे वर्ग करणे हे त्याच दिवशी पहिल्या घरातले. चौकटीत कागद टाकू नये, कामाची पायरी टाकावी.

आज काय करावयाचे? दोन मुद्दे आजच वर्ग करावेत, अर्जदाराला तसे कळवावे आणि झालेला विलंब टिपणीत स्पष्ट नमूद करावा. तो लपविल्यास अपिलाच्या वेळी अधिक अडचण होते. नंतर उरलेल्या तीन मुद्द्यांची पाने मोजावीत. पानांच्या प्रतींचे शुल्क घ्यावयाचे असेल, तर त्याची मागणी करणारे पत्र पाठविल्यापासून शुल्क भरले जाईपर्यंतचा काळ तीस दिवसांत धरला जात नाही. म्हणून पाने मोजण्याचे काम शेवटच्या दिवशी नव्हे, आरंभीच करावयाचे असते. मुदत टळून गेल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते.

सेवापुस्तक : ज्याची घाई कोणालाच नाही

आता उजवीकडे ठेवलेली नस्ती. वरिष्ठ लिपिक पुढील वर्षी ३१ मे रोजी निवृत्त व्हावयाचे आहेत. त्याला साडेअकरा महिने आहेत. कोणाचे स्मरणपत्र नाही, दूरध्वनी नाही. ते स्वतः शेजारच्या टेबलावर बसतात आणि संकोचाने विचारीत नाहीत. आजच्या सर्व कामांत सर्वांत शांत काम हेच आहे.

महत्त्वाचा प्रश्न विचारून पाहू. हे काम राहिले तर निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यापासून त्या माणसाच्या घरात निवृत्तिवेतन येणार नाही. उपदान अडेल, अंशराशीकरण अडेल. तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची सोय नियमांत आहे. पण त्यासाठीही प्रस्ताव लागतो, आणि तो याच लिपिकाला करावा लागतो. नुकसान मोठे आहे व ते एका कुटुंबाचे आहे.

आता तातडीचा प्रश्न. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार निवृत्तीच्या दोन वर्षे आधी कागदपत्रांची तयारी सुरू करावयाची असते आणि किमान सहा महिने आधी ती महालेखापाल कार्यालयाकडे जावयाची असतात. (१ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर नेमणूक झालेल्यांना या नियमांऐवजी निराळी योजना लागू झाली, हे गृहस्थ त्यापूर्वीचे आहेत.) म्हणजे ३० नोव्हेंबर ही खरी तारीख. पण तीही खरी नव्हे. येथे उलट मोजणी करावी लागते.

सेवापुस्तक उघडून पाहिल्यावर दोन त्रुटी आढळतात. २००३-०४ या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद नाही; त्या काळात ते दुसऱ्या तालुक्यात होते. आणि एका वेतनश्रेणीतील वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शेरा नाही. आता मागे मोजत जाऊ. कागदपत्रे ३० नोव्हेंबरला जावयाची, तर नमुने भरणे, नामनिर्देशने व ना-मागणी प्रमाणपत्र यांसाठी नोव्हेंबर महिना लागेल. पथकाकडे पुस्तक पाठविल्यावर आक्षेप निघणार, त्याची पूर्तता करून ते पुन्हा पाठवावयाचे, यासाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरअखेर असे दोन महिने धरू. पथकाकडे अपूर्ण पुस्तक पाठविण्यात अर्थ नाही, म्हणून २००३-०४ ची नोंद ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत यावयास हवी. त्या दुसऱ्या तालुक्याला जुनी वेतनदेयके अभिलेख कक्षातून काढावी लागतील. त्यांना एक स्मरणपत्र धरून दोन महिने द्यावेत. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातून दोन महिने वजा केले की येणारी तारीख म्हणजे जूनचा तिसरा आठवडा. तो आठवडा चालू आहे.

साडेअकरा महिने दूर दिसणाऱ्या कामाची पहिली पायरी आजची आहे. ही पायरी तरी केवढी? दुसऱ्या कार्यालयास एक पत्र : कर्मचाऱ्याचे नाव, पदनाम, कालावधी, कोणती नोंद हवी आणि सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती. मसुदा, टंकलेखन व सही मिळून पंचवीस मिनिटे. संपूर्ण निवृत्तिवेतन प्रकरण ‘हाती घ्यावयाचे’ म्हटले की दोन मोकळे दिवस हवेसे वाटतात, आणि ते दोन दिवस कधीच येत नाहीत. नस्ती उजवीकडे पडून राहते ती आळसामुळे क्वचितच. तिच्यातील आजची पायरी कोणी वेगळी काढलेली नसते म्हणून. नियमाप्रमाणे ही तयारी मागील वर्षीच्या जूनमध्येच सुरू व्हावयास हवी होती, हे येथे नोंदविणे भाग आहे.

दाराशी उभी असलेली बाई

वेळेच्या नियोजनावरील पुस्तके अचानक येणाऱ्या माणसाला व्यत्यय समजतात व तिसऱ्या घरात ढकलतात. शासकीय कार्यालयात हे चालणार नाही. आलेल्या बाईला गट विम्याच्या रकमेचे काय झाले हे विचारावयाचे आहे. तिच्यासाठी लागणारी आपली वेळ दहा मिनिटे. तिला परत पाठविल्यास तिचा पूर्ण दिवस, एस.टी.चे भाडे आणि सोबत आणलेल्या नातवाची मजुरी. शिवाय नस्ती पाहिली असता कळते की प्रकरण केवळ वारसाच्या बँक पासबुकाच्या प्रतीसाठी थांबले आहे, आणि पासबुक तिच्या पिशवीत आहे. चार महिन्यांत हा एक कागद मागणारे पत्र गेले की नाही, याची नोंद जावक वहीत सापडत नाही.

हे काम पहिल्या घरातले आहे. कारण ती बाई येथे उभी आहे तोवरच ते दहा मिनिटांत होते. ती गेल्यावर त्याच कामाला पुन्हा महिना लागेल. उलट, ‘आमचा अर्ज कोणत्या टेबलावर?’ एवढेच विचारणाऱ्यांसाठी दाराशी एक फलक पुरतो, आणि तो लावणे हे दुसऱ्या घरातले काम होय.

दिवसाची मांडणी

यावरून मंगळवार असा लागतो. पावणेदहा ते दहा, कागद वेगळे करणे. दहा ते साडेदहा, दुसऱ्या तालुक्याचे पत्र. गर्दी व दूरध्वनी सुरू होण्यापूर्वी. साडेदहा ते अकरा, रिक्त पदांचा तक्ता; बाराची मुदत असता तो अकराला जातो. पुढे दोन तास भेटीस येणाऱ्यांसाठी व साहेबांच्या बोलावण्यासाठी मोकळे ठेवलेले. त्यातच बाईंचे प्रकरण आणि दैनंदिनीचे टंकलेखन. जेवणानंतर माहितीच्या अधिकाराचे वर्गीकरण-पत्र, पाने मोजणे व उत्तराचा मसुदा. प्रशिक्षणाची नावे चार वाजता साहेबांना विचारून. नोंदवही उतरवून काढण्याचे काम आज नाही, आणि बहुधा कधीच नाही : मूळ नोंदवही वाचता येते. हेच चौथे घर. ते काम मन रमविते, कोणी त्यात चूक काढीत नाही, आणि करताना आपण कामात आहोत असे सर्वांना दिसते. म्हणून ते ओळखावयास कठीण. चौथ्या घरातील कागद मात्र फाडावयाचे नाहीत. ते त्यांच्या वर्गानुसार अभिलेखाच्या किंवा नाश करावयाच्या गठ्ठ्यात जातात.

सव्वादहाला साहेबांनी बोलाविले तर? तर पत्र अर्धे राहील. म्हणूनच सकाळच्या अर्ध्या तासात संपूर्ण प्रकरण न घेता एकच पत्र घेतले आहे. ते साडेअकराला पुरे करता येते.

बिघाड कोठे ओळखावा

आठवडाभर चौकट वापरल्यावर पहिल्या घरातील प्रत्येक कामापुढे एक तारीख लिहावी : हे काम येणार हे आपल्याला प्रथम कधी कळले? न्यायालयाची नोटीस किंवा पुराच्या वेळची माहिती यांच्यापुढे कालची तारीख येईल. माहितीच्या अर्जापुढे २२ मे येते. ज्या कामांपुढे महिन्याभरापूर्वीची तारीख पडते, ती जन्मतः पहिल्या घरातली नसतात. ती दुसऱ्या घरात पडून पिकलेली असतात. अशी कामे निम्म्याहून अधिक दिसू लागली, तर सकाळचा अर्धा तास कोणीतरी खात आहे असे समजावे.

दुसरा बिघाड अधिक सूक्ष्म आहे व तो आपल्या कार्यपद्धतीतच आहे. कार्यविवरण नोंदवहीच्या साप्ताहिक गोषवाऱ्यात प्रकरणे संख्येने मोजली जातात. पृष्ठांकन करून पुढे पाठविलेले पत्र एक, आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरणही एक. शुक्रवारी गोषवारा चांगला दिसावा म्हणून लिपिक सोपी तीस पत्रे काढतो. शिल्लक कमी दिसते, आणि शिल्लक राहिलेली सगळी जड असतात. कार्यालय तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी शिल्लक किती हे विचारण्याबरोबर सर्वांत जुनी तीन प्रकरणे कोणती व त्यांची पुढची पायरी काय, हेही विचारावे. मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील सेवापुस्तकांची आणि पंचायतीच्या दप्तराचीही स्थिती याहून वेगळी नसते.

चौकटीची मर्यादाही आहे. तीन पदांचे काम एका माणसाकडे असेल, तर सर्वच घरे भरून वाहतील. अशा वेळी लिपिकाने पहिल्या व दुसऱ्या घरातील कामांची यादी, प्रत्येकापुढे उलट मोजणीने आलेली तारीख आणि लागणारे तास लिहून, साहेबांपुढे ठेवावी आणि यांतील कोणते मागे ठेवावे हे टिपणीवर मागावे. कोणत्या नागरिकाचे काम थांबावे हा निर्णय लिपिकाने एकट्याने, न बोलता, नस्ती उजवीकडे सरकवून घेऊ नये. तो अधिकाऱ्याचा निर्णय आहे आणि तो त्याच्या सहीनेच व्हावयास हवा.

मंगळवारी सायंकाळी दुसऱ्या तालुक्याचे पत्र जावक क्रमांक पडून गेले. सेवापुस्तकाची नस्ती टेबलाच्या उजव्या बाजूवरून उठून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात गेली, आणि तिच्यावर पेन्सिलीने स्मरणपत्राची तारीख लिहिली गेली : १५ जुलै.